वालिदांचे घर विकताना: कर किती, कोणावर आणि कसा वाचतो

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या एक सहकारी बाई कागदांची पिशवी घेऊन माझ्यासमोर बसल्या. त्यांच्या मरहूम वालिदांचे घर विकायचे ठरले होते. गिऱ्हाईक मिळाले होते, भाव ९७ लाख ठरला होता. त्यात एक लाख दलाली जाणार होती. दलालाने एक सोपी वाट सुचवली होती. अम्मी, धाकटा भाऊ आणि दोघी बहिणींनी थोरल्या भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यावे. मग एकट्या भाईजाननी सही करून घर विकावे आणि पैसे आल्यावर ज्याचा त्याला हिस्सा द्यावा. पाच जणांना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हेलपाटे नकोत, पाच चेकची भानगड नको.

“भाईजानच्या नियतीवर मला तिळमात्र शंका नाही,” बाई म्हणाल्या. “पण तुमच्या माहेरच्या घराच्या वेळी तुम्हाला टॅक्सचा काहीतरी त्रास झाला होता ना? म्हणून विचारलं.”

त्रास झाला होता, आणि तो पुढे सांगतेच. त्या दिवशी मी त्यांना एवढेच म्हणाले की, हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी सगळ्यांनी मिळून एखाद्या सीएकडे जा. ते गेले. त्यांच्या परवानगीने तो सगळा हिशेब आज इथे मांडते आहे. समजायला सोपे जावे म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत. आपल्या घराघरांत हीच वेळ येते, म्हणून हिशेब जरा सावकाश पाहू.

कर किमतीवर नाही, नफ्यावर

घर विकून आलेल्या सगळ्या रकमेवर कर लागतो, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. विक्रीची किंमत, वजा विक्रीचा खर्च, वजा घराची मूळ किंमत, एवढे करून जे उरते तो भांडवली नफा. कर त्या नफ्यावर असतो.

आता वारशाने आलेल्या घराची मूळ किंमत कोणती? मुलांनी तर ते विकत घेतलेलेच नाही. कायदा म्हणतो, ज्यांच्याकडून घर आले त्यांची किंमत ती तुमची किंमत, आणि त्यांनी घर सांभाळले ती वर्षेही तुमच्याच खात्यात. वालिदांनी हे घर १९८८ साली घेतले होते. म्हणून त्यांच्या इंतकालनंतर लगेच वर्षभरात विकले असते, तरी तो दीर्घ मुदतीचाच नफा ठरला असता. घरासाठी ही मुदत २४ महिन्यांहून अधिक अशी आहे.

१९८८ची किंमत आज अगदीच किरकोळ दिसते. त्यासाठी कायद्यात एक सोय आहे. १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या घराला मूळ किमतीऐवजी त्या तारखेचा बाजारभाव धरता येतो. मात्र हा भाव मनाने लिहायचा नसतो. नोंदणीकृत मूल्यांककाकडून अहवाल घ्यायचा असतो, आणि तो भाव त्या तारखेच्या मुद्रांक मूल्याहून, म्हणजे रेडी रेकनरच्या दराने येणाऱ्या किमतीहून जास्त धरता येत नाही. या घराचा भाव ९ लाख ६० हजार निघाला. २००१ नंतर कुणी मजला चढवला असेल, तर तो खर्चही यात मिळवता येतो. पण त्याच्या पावत्या हव्यात. यांनी तसे काही बांधले नव्हते.

तर ९७ लाखांतून दलालीचा एक लाख गेला, राहिले ९६ लाख. त्यातून ९ लाख ६० हजार गेले. नफा उरला ८६ लाख ४० हजार.

या नफ्यावर दर किती? २३ जुलै २०२४ पासून महागाईचा निर्देशांक न लावता साडेबारा टक्के असा दर आला. पण त्या तारखेआधी घेतलेल्या घराला, मालक भारतात राहणारा असेल तर, जुनी पद्धतही ताडून पाहता येते. म्हणजे मूळ किंमत निर्देशांकाने वाढवायची आणि उरलेल्या नफ्यावर वीस टक्के कर काढायचा. दोन्हींत जो कर कमी, तेवढाच भरायचा. २००१-०२ चा निर्देशांक १०० आहे आणि २०२५-२६ चा ३७६. ९ लाख ६० हजारांचे होतात सुमारे ३६ लाख १० हजार. उरलेल्या जवळपास ५९ लाख ९० हजारांवर वीस टक्के म्हणजे १२ लाखांच्या जरा आत. उलट ८६ लाख ४० हजारांवर साडेबारा टक्के म्हणजे १० लाख ८० हजार. इथे नवी पद्धत स्वस्त पडली. अंदाजासाठी लक्षात ठेवा: २००१ चा भाव धरलेले घर त्या भावाच्या साधारण ८.४ पटींहून जास्त किमतीला २०२५-२६ मध्ये विकले असेल, तर साडेबारा टक्के बरे. त्याहून कमी पटीला विकले असेल, तर जुनी पद्धत बरी.

हक्कसोडपत्राने काय झाले असते

आता दलालाच्या सोप्या वाटेकडे वळू. आपल्याकडे हिंदू अविभक्त कुटुंबासारखी करपात्र संस्था नाही. बापाच्या मृत्यूच्या क्षणी, कर्ज, मेहर आणि वसीयत यांची भरपाई झाल्यावर, प्रत्येक वारस आपापल्या ठरलेल्या हिश्श्याचा स्वतंत्र मालक होतो. आयकर कायदाही हेच मानतो. हिस्से निश्चित असतील, तर प्रत्येकावर त्याच्या हिश्श्यापुरताच कर.

या घरात वारस पाच: अम्मी, दोन भाऊ, दोन बहिणी. दादा-दादी आधीच गेलेले. अम्मींचा आठवा हिस्सा. उरलेल्यात भावाला दोन तर बहिणीला एक. घराचे ४८ भाग केले, तर अम्मींचे ६, प्रत्येक भावाचे १४ आणि प्रत्येक बहिणीचे ७. बेरीज बरोबर ४८.

सगळ्यांनी भाईजानच्या नावे हक्क सोडला असता, तर कायद्याच्या नजरेत संपूर्ण घर भाईजानचे झाले असते आणि ८६ लाख ४० हजारांचा सगळा नफाही त्यांचाच. त्यावर १० लाख ८० हजार कर. उत्पन्न ५० लाखांच्या पुढे गेले की करावर दहा टक्के अधिभार बसतो, आणि वर चार टक्के उपकर. एकूण १२ लाख ३५ हजारांच्या पुढे. नंतर त्यांनी बहिणींना दिलेले पैसे ही भावाची भेट ठरली असती. त्या भेटीवर बहिणींना कर नसता. पण बहिणींनी त्या पैशातून घर घेतले असते, तरी कराची सवलत कुणालाच मिळाली नसती. ज्याच्या नावे नफा, त्यानेच घर घ्यायला हवे.

पाचही जण विक्रेते म्हणून खरेदीखतावर राहिले, तर चित्र बदलते. नफ्याच्या ४८ भागांपैकी एक भाग १ लाख ८० हजारांचा. म्हणून अम्मींचा नफा १० लाख ८० हजार, प्रत्येक भावाचा २५ लाख २० हजार आणि प्रत्येक बहिणीचा १२ लाख ६० हजार. कुणीच पन्नास लाखांच्या जवळ नाही, म्हणून अधिभार नाही. शिवाय ज्यांना दुसरे उत्पन्न नाही, त्यांना करमुक्त मर्यादेचा फायदा मिळतो. नव्या करप्रणालीत ती ४ लाख आहे. अम्मी आणि आपा, म्हणजे थोरली बहीण, दोघींना स्वतःचे उत्पन्न नाही. त्यांच्या नफ्यातले पहिले ४ लाख असेच सुटले. घर न घेता सगळ्यांनी नुसता कर भरला असता, तरी बेरीज १० लाख १९ हजारांच्या आसपास. म्हणजे भाईजानच्या एकट्याच्या नावापेक्षा दोन लाखांहून अधिक कमी.

बाई म्हणाल्या ते मला फार पटले. बहिणींचा हिस्सा कागदावर ठेवला तर भानगड वाढते, असे आजवर ऐकत आलो होतो. इथे तो कागदावर ठेवल्यानेच घरातला पैसा वाचला.

कागदाची थोडी कामे मात्र वाढली. घर पन्नास लाख किंवा जास्त किमतीचे असले, की खरेदीदाराला एक टक्का कर कापून सरकारकडे भरावा लागतो. एकट्याचा हिस्सा पन्नास लाखांहून कमी असला, तरी हिशेब पूर्ण किमतीचा धरतात. ही कपात प्रत्येक विक्रेत्याच्या पॅनवर वेगवेगळी, वेगवेगळ्या २६क्यूबी अर्जाने व्हायला हवी होती. अम्मींचे पॅन आधारशी जोडलेले नव्हते. असे पॅन निष्क्रिय धरले जाते आणि मग एक टक्क्याऐवजी वीस टक्के कापले जातात. सीएने ते आधी दुरुस्त करून घेतले. मग २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच सह्या झाल्या आणि पाच खात्यांत पैसे आले.

बारा लाखांचा गैरसमज

अम्मींचा नफा १० लाख ८० हजार ऐकून धाकटा भाऊ म्हणाला, “बारा लाखांपर्यंत तर टॅक्सच नाही. अम्मींचं काम झालं!”

हे पुष्कळांना वाटते, आणि इथेच लोक फसतात. बारा लाखांपर्यंत कर नाही तो सवलतीमुळे, म्हणजे रिबेटमुळे. पगार, पेन्शन, भाडे अशा नेहमीच्या उत्पन्नाला ती लागू आहे. घर विकण्याचा नफा वेगळ्या दराने करपात्र आहे, आणि त्या कराला ही सवलत मिळत नाही. अम्मींना फक्त ४ लाखांची मर्यादा मिळाली. उरलेल्या ६ लाख ८० हजारांवर साडेबारा टक्के आणि उपकर मिळून ८८ हजार ४०० रुपये कर येत होता. तो वाचवायचा, तर दुसऱ्या घरात पैसा घालणे हाच मार्ग होता.

नफा घरात घालायचा: पण कधी आणि कुणाच्या नावाने

राहते घर विकून दीर्घ मुदतीचा नफा झाला आणि तो भारतातल्या दुसऱ्या राहत्या घरात घातला, तर तेवढ्या नफ्यावर कर लागत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम ५४ आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, त्यात याच सवलतीचा क्रमांक ८२ आहे. ही विक्री त्याआधीची, म्हणून तिला जुनाच कायदा. करप्रणाली जुनी घ्या की नवी, ही सवलत दोन्हींत आहे.

दोन गोष्टी नीट समजून घ्या. पहिली, घालायचा आहे तो नफा; विक्रीची सगळी रक्कम नाही. भावाला २८ लाख मिळाले, पण सवलतीसाठी २५ लाख २० हजार पुरेत. कमी घातले, तर घातले तेवढ्यापुरती सवलत. विकलेली मालमत्ता दुकान किंवा मोकळा प्लॉट असेल, तर मात्र नियम वेगळा आहे. तिथे पूर्ण सवलतीसाठी विक्रीची सगळी निव्वळ रक्कम घालावी लागते. दुसरी गोष्ट मुदतीची. तयार घर घ्यायचे, तर विक्रीच्या आधी एक वर्ष ते नंतर दोन वर्षे. बांधायचे, तर विक्रीनंतर तीन वर्षांच्या आत. यांच्यासाठी खरेदीची शेवटची तारीख २० नोव्हेंबर २०२७ आणि बांधकामाची २० नोव्हेंबर २०२८. प्लॉट घेऊन त्यावर मुदतीत घर बांधले, तर प्लॉटची किंमतही धरली जाते. नुसता प्लॉट घेऊन ठेवला, तर काहीच मिळत नाही. जुन्या घराला रंग आणि फरशी केली, तर तेही चालत नाही.

भाईजान आणि अम्मी एकत्र राहतात. अम्मींचे १२ लाख आणि भाईजानचे २८ लाख मिळून ४० लाखांचा तयार फ्लॅट त्यांनी मार्चमध्ये घेतला. खरेदीखतात दोघांची नावे, कुणाचा किती हिस्सा हे लिहिलेले, आणि पैसे ज्याच्या त्याच्या खात्यातून गेलेले. दोघांचाही पूर्ण नफा सुटला.

आपांच्या बाबतीत पेच होता. दूल्हाभाई एक घर घेत होते आणि आपांचे पैसे त्यात जाणार होते. करारनाम्यात नाव मात्र एकट्या दूल्हाभाईंचे. सीएने साफ सांगितले की असे करू नका. नफा ज्याचा, घर त्याच्या नावे हवे. २००८ साली मुंबई उच्च न्यायालयाने मुलाच्या नावावर घेतलेल्या घरासाठी याच प्रकारची सवलत नाकारली होती. दुसऱ्या काही उच्च न्यायालयांनी नवराबायकोच्या प्रकरणांत सैल भूमिका घेतली आहे, पण महाराष्ट्रात राहून त्या आशेवर कशाला बसायचे? करारनाम्यात आपांचे नाव आणि हिस्सा घातला गेला. त्यांनी आपल्या खात्यातून ९ लाख दिले. नफा १२ लाख ६० हजार, त्यातले ९ लाख सुटले, उरले ३ लाख ६० हजार. ते त्यांच्या ४ लाखांच्या करमुक्त मर्यादेत बसले. कर शून्य, आणि घरात आपांचा हिस्सा कागदावर कायमचा.

३१ जुलै: माझी चूक इथे झाली

धाकट्या भावाचा स्वतःचा प्लॉट होता. त्यावर त्याने बांधकाम काढले. तीन वर्षे हातात आहेत म्हणून तो निर्धास्त होता. मी त्याला थांबवले, कारण मी इथेच ठेचकाळले होते.

काही वर्षांपूर्वी आमच्या माहेरचे घर विकले. माझ्या हिश्श्याचे पैसे मी आपल्या नेहमीच्या बचत खात्यात ठेवले. दोन वर्षांची मुदत आहे, हे कुणीतरी सांगितले होते. दोन वर्षे पुरी होण्याआधी मी फ्लॅट घेतलाही. तरी आयकर खात्याची नोटीस आली. कारण मुदती दोन आहेत, आणि मला एकच ठाऊक होती. घर घ्यायला दोन-तीन वर्षे मिळतात हे खरे. पण विवरणपत्र भरण्याच्या मूळ अंतिम तारखेपर्यंत जो नफा घरात गेलेला नाही, तो त्या तारखेआधी भांडवली नफा खात्यात जमा करावा लागतो. साध्या बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत असलेला पैसा मोजला जात नाही. मला व्याजासह दीड लाखाच्या आसपास भरावे लागले. पैसे खर्च झाले नव्हते, घरही घेतले होते. फक्त ते पैसे मधल्या काळात चुकीच्या खात्यात होते.

हे खाते भांडवली नफा खाते योजना, १९८८ खाली उघडते. सरकारी बँकांच्या ग्रामीण नसलेल्या शाखांत ते मिळते, पण प्रत्येक शाखेतल्या कर्मचाऱ्याला त्याची माहिती असतेच असे नाही. म्हणून जुलैच्या शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. खात्याचे दोन प्रकार आहेत. ‘अ’ प्रकार बचत खात्यासारखा, लागेल तसे पैसे काढता येतात. ‘ब’ प्रकार मुदत ठेवीसारखा. बांधकाम चालू असेल, तर ‘अ’ सोयीचा. पैसे काढताना ते कशासाठी हवेत ते अर्जात लिहायचे, काढल्यापासून ६० दिवसांत खर्च करायचे, उरले तर परत भरायचे. पुढच्या वेळी काढताना आधीच्या पैशाचा हिशेब द्यायचा. खाते बंद करायला आयकर अधिकाऱ्याची मंजुरी लागते. मुदत संपेपर्यंत पैसे वापरले गेले नाहीत, तर मुदत संपते त्या वर्षी त्यांवर कर लागतो.

धाकट्या भावाचे ३१ जुलै २०२६ पर्यंत साधारण ९ लाख बांधकामात जातील असा अंदाज आहे. उरलेले १६ लाख २० हजार त्याने आताच या खात्यात टाकले आहेत. ठेकेदाराची प्रत्येक पावती, सिमेंट-सळईची बिले आणि नगरपालिकेची परवानगी तो एका फाइलमध्ये लावतो आहे. बिल्डरकडे नवीन फ्लॅट बुक करणाऱ्यांनीही हेच करावे. आणि तीन वर्षांत ताबा मिळेल की नाही हे पाहूनच इमारत निवडावी.

रोख्यांचा मार्ग आणि व्याजाचा प्रश्न

घर घ्यायचे नसेल, तर दुसरा मार्ग सांगितला जातो तो कलम ५४ईसीच्या रोख्यांचा. आरईसी, पीएफसी, आयआरएफसी अशा सरकारी कंपन्यांचे हे रोखे विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत घ्यावे लागतात. मर्यादा ५० लाख, पैसे पाच वर्षे अडकतात. पण त्यावर साधारण सव्वापाच टक्के व्याज मिळते. ते रोखे म्हणजे व्याजावर दिलेले कर्जच असल्याने, व्याज टाळणाऱ्या घरांनी हा मार्ग निवडण्याआधी आपल्या आलिमांना विचारावे. भांडवली नफा खात्यातही बँक व्याज जमा करते. फरक इतका की तिथे पैसा घर बांधेपर्यंतच ठेवायचा असतो. ते व्याज आपण स्वतःसाठी वापरले नाही, तरी विवरणपत्रात दाखवावे लागते, हे विसरू नये.

बाईंनी काय केले

राहिल्या आमच्या सहकारी बाई. त्यांना पगार आहे, म्हणून करमुक्त मर्यादेचा वेगळा फायदा नाही. त्यांच्या १२ लाख ६० हजारांवर उपकरासह १ लाख ६३ हजार ८०० रुपये कर येत होता. राहायला घर आहे. पैसा हवा होता तो मुलीच्या शिक्षणासाठी. सीएने विचारले, “एक लाख त्रेसष्ट हजार वाचवायला बारा लाख घरात अडकवायचे का?” घर घेतले असते, तर ते तीन वर्षे विकताही आले नसते, विकले, तर सुटलेला कर नव्या घराच्या हिशेबात परत येतो. त्यांनी कर भरायचे ठरवले. खरेदीदाराने कापलेले सुमारे चौदा हजार त्यात वळते झाले, बाकीचे डिसेंबर आणि मार्चच्या आगाऊ कराच्या हप्त्यांत गेले, म्हणून दंडव्याज नाही.

एक सूचना परदेशात असलेल्या भावंडांसाठी. वारसांपैकी कुणी आखातात असेल आणि करासाठी अनिवासी ठरत असेल, तर त्याच्या हिश्श्याला एक टक्क्याचा नियम लागू नाही. खरेदीदार बहुधा त्याच्या हिश्श्याच्या पूर्ण रकमेवर साडेबारा टक्के आणि उपकर कापतो. १४ भागांच्या २८ लाखांवर ते ३ लाख ६४ हजार होतात. हे टाळायला त्याने खरेदीखताच्या आधी आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला घ्यावा. वीस टक्क्यांच्या जुन्या पद्धतीचा आणि ४ लाखांच्या मर्यादेचा फायदाही त्याला या नफ्यावर नाही. घरात गुंतवण्याची सवलत मात्र आहे.

जुलैपर्यंत या पाचही जणांना आयटीआर-२ भरायचे आहे. अम्मी आणि आपांनाही, त्यांचा कर शून्य असला तरी. कारण सवलत धरण्याआधीचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर आहे. विवरणपत्र भरलेच नाही, तर खात्याला फक्त एवढेच दिसते की अम्मींच्या पॅनवर १२ लाखांची विक्री झाली आणि पुढे काहीच नाही.

परवा बाई भेटल्या. अम्मींनी नव्या फ्लॅटचे खरेदीखत मुलाकडून वाचून घेतले आणि आपले नाव आले तिथे बोट ठेवून विचारले, “हे माझंच ना?” भाईजान म्हणाले, “हो अम्मी, तुमचंच.” मग त्यांनी तो कागद कपाटात स्वतःच्या हाताने ठेवला.